घड्याळाची केस: ओरखडा, पोचा, तडा आणि त्वचा

घड्याळाचं यंत्र, तबकडी आणि काच ज्या डबीत बसवलेली असते तिला केस म्हणतात. ती कशाची असावी या प्रश्नाला बराच काळ सोनं किंवा स्टील असं साधं उत्तर होतं. स्वस्तातल्या घड्याळांत पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेला असायचा. आता त्याच दुकानात टायटॅनियम, सिरॅमिक आणि ब्रॉन्झ म्हणजे कासं हेही ठेवलेलं दिसतं, आणि प्रत्येकाबद्दल एकेक वाक्य ऐकायला मिळतं: टायटॅनियम हलकं असतं, सिरॅमिकवर ओरखडा उठत नाही, ब्रॉन्झला वेगळाच रंग चढतो, स्टील सगळं सहन करतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण या वाक्यांवर विसंबून घड्याळ घेतलं तर दोन ठिकाणी फसगत होते. ओरखडा, पोचा आणि तडा या तीन वेगळ्या इजा आहेत आणि एकीपासून वाचवणारा पदार्थ दुसरीपासून वाचवेलच असं नाही. शिवाय त्वचेला जे टेकतं ते बहुतेक वेळा केसचं मागचं झाकण असतं, आणि ते केसच्याच पदार्थाचं असतं असं नाही.

वजनाचा हिशेब आधी उरकून घेऊ, कारण तो सोपा आहे. मध्यम आकाराच्या, चाळीसेक मिलिमीटर व्यासाच्या घड्याळाच्या केसमध्ये पाच घन सेंटिमीटर पदार्थ आहे असं धरू. स्टीलची घनता ८ असल्यामुळे ही केस ४० ग्रॅम भरेल. टायटॅनियमची घनता ४.५ च्या आसपास, म्हणून साधारण २२ ग्रॅम. घड्याळांत वापरलं जाणारं सिरॅमिक म्हणजे झिर्कोनिया, त्याची घनता ६, म्हणून ३० ग्रॅम. कथील मिसळलेलं नेहमीचं ब्रॉन्झ ८.८ घनतेचं असतं, त्याची केस ४४ ग्रॅमची होईल. ॲल्युमिनियम मिसळलेलं ब्रॉन्झ मात्र ७.६ च्या आसपास असतं, म्हणजे स्टीलपेक्षाही किंचित हलकं. ब्रॉन्झ म्हणजे जड, हा समज सरसकट खरा नाही.

आता यंत्र, तबकडी, काच यांचे २० ग्रॅम आणि चामडी पट्ट्याचे बकलसकट १५ ग्रॅम मिळवा. स्टीलचं घड्याळ ७५ ग्रॅमचं होतं, टायटॅनियमचं ५७. फरक अठरा ग्रॅमचा. तो जाणवतो, पण सवय झाली की विसरला जातो. चामडी पट्टा काढून धातूची चेन लावली की चित्र बदलतं. चेनमध्ये आठ घन सेंटिमीटर धातू असेल तर ती स्टीलमध्ये ६४ ग्रॅमची आणि टायटॅनियममध्ये ३६ ग्रॅमची. पूर्ण घड्याळ एकीकडे १२४, दुसरीकडे ७८. टायटॅनियमचा खरा फायदा चेनमध्ये आहे. ज्यांना चामड्याचा किंवा रबराचा पट्टाच घालायचा आहे त्यांनी केवळ वजनासाठी टायटॅनियमला जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. जड डोकं आणि हलका पट्टा अशी जोडी असली की घड्याळ मनगटावर फिरत राहतं, हेही ध्यानात घ्यावं. मोठ्या ब्रॉन्झच्या घड्याळाला पातळ कापडी पट्टा लावला की हा त्रास हमखास होतो.

ओरखड्याकडे वळण्याआधी ओरखडा पाडतं कोण, ते पाहू. कठीणपणा मोजायची एक रीत अशी: हिऱ्याचा छोटा पिरॅमिड ठरावीक भाराने पृष्ठभागावर दाबायचा आणि उमटलेला खड्डा मोजायचा. खड्डा जितका लहान तितका आकडा मोठा. हे व्हिकर्स माप. घड्याळातलं ३१६एल स्टील या मापावर १५० ते २२० च्या दरम्यान येतं. शुद्ध टायटॅनियमही तेवढंच. ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेलं पाचव्या श्रेणीचं टायटॅनियम साडेतीनशेच्या आसपास, ब्रॉन्झ शंभर ते दोनशे, आणि झिर्कोनिया सुमारे १२५०.

या आकड्यांच्या शेजारी एक आकडा ठेवायचा असतो आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. तो म्हणजे धुळीचा. घरात, रस्त्यावर, टेबलावर जी धूळ असते तिच्यात वाळूचे बारीक कण असतात आणि वाळूतला मुख्य कठीण घटक क्वार्ट्झ, म्हणजे आपल्या गारगोटीचंच खनिज. त्याचा कठीणपणा हजार ते बाराशेच्या घरात. दख्खनच्या काळ्या पाषाणात मोकळा क्वार्ट्झ फारसा नसतो; पण त्यातलं फेल्डस्पार हे खनिजही स्टीलच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे टेबलावर मनगट टेकलं आणि मध्ये धुळीचा एक कण आला, की स्टील, ब्रॉन्झ आणि दोन्ही तऱ्हेचं टायटॅनियम सारखेच हरतात. दोनशे आणि साडेतीनशे यांत कागदावर मोठा फरक दिसतो, पण समोर हजाराचा कण असताना तो फारसा उपयोगी पडत नाही. झिर्कोनिया मात्र या रेषेच्या पलीकडे उभं आहे. सिरॅमिक वर्षानुवर्षं नवं दिसतं याचं कारण एवढंच आहे.

टायटॅनियमवर ओरखडे जास्त दिसतात अशी तक्रार वापरणारे करतात आणि ती खरी आहे. टायटॅनियमला घासलं जाताना दुसऱ्या पृष्ठभागाला चिकटायची खोड आहे. चिकटून सुटताना त्याचा पृष्ठभाग ओढला जातो, फाटतो. शिवाय टायटॅनियमची घड्याळं बहुतेकदा खरखरीत मॅट केलेली असतात. ज्या जागी घासलं जातं तिथला खरखरीतपणा चेपून ती जागा चकाकते आणि करड्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. याच चिकटण्यामुळे टायटॅनियमच्या केसमध्ये टायटॅनियमचंच आट्यांचं झाकण कोरडं बसवलं, तर काही वर्षांनंतर ते जाम होऊन बसतं. बॅटरी बदलायला आलेलं झाकण उघडेना, तर कारागिराने जोर लावू नये. आटे फाटले की केस गेली.

यावर उपाय म्हणून पृष्ठभाग कडक केला जातो. टायटॅनियमचं पहिलं घड्याळ जपानच्या सिटिझन कंपनीने १९७० साली आणलं, आणि पृष्ठभाग कडक करण्यावर या कंपनीने पुढे बरंच काम केलं. आज अशा प्रक्रियेने वरचा पातळ थर हजार व्हिकर्सच्या पुढे नेता येतो. जर्मनीच्या झिन कंपनीने स्टीलवरही असंच केलं आहे. रोजच्या धुळीपासून हा थर खरोखर वाचवतो. पण त्याच्याखाली मूळ मऊ धातूच असतो. दाराच्या लोखंडी कडीवर घड्याळ जोरात आपटलं तर खालचा धातू दबतो आणि वरचा कडक थर त्याच्याबरोबर दबू न शकल्याने तडकतो. ती जागा पॉलिश करता येत नाही, कारण पॉलिश म्हणजे तो थरच घासून काढणं. साध्या स्टीलचं तसं नाही. तिथे ओरखडा उठतो तेव्हा धातू बहुतांशी बाजूला सारला जातो, आणि हलक्या हाताने बफिंग केलं की पृष्ठभाग पुन्हा नीट होतो. मात्र दर सर्व्हिसिंगला पॉलिश करून घेण्याचा हट्ट धरू नये. पट्टा अडकवायच्या चार कानांच्या धारदार कडा दर वेळी थोड्या झिजतात, आणि त्या एकदा गोल झाल्या की मूळ आकार परत मिळत नाही.

सिरॅमिकविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्याची ताकद आणि दुबळेपणा एकाच गुणातून येतात. झिर्कोनियाची बारीक पूड चिकट बंधकात कालवून साच्यात दाबतात, बंधक काढून टाकतात आणि चौदाशे-पंधराशे अंश सेल्सियसला भाजतात. भाजताना ती वस्तू लांबीत जवळजवळ पाचव्या ते चौथ्या भागाने आकसते. म्हणजे ४० मिलिमीटरची केस हवी असेल तर कच्ची वस्तू पन्नासच्या आसपास करावी लागते, आणि सगळीकडे सारखी आकसेल याची काळजी घ्यावी लागते. भाजल्यावर चुकलं ते फक्त हिऱ्याच्या हत्यारानेच दुरुस्त होतं. किंमत इथे वाढते. स्वित्झर्लंडच्या राडो आणि आयडब्ल्यूसी या दोन कंपन्यांनी १९८६ साली सिरॅमिकची घड्याळं बाजारात आणली, आणि ती आणता आली यामागे अकरा वर्षं आधीचं एक संशोधन आहे.

साधं सिरॅमिक तडकतं कारण त्यात सुरू झालेली भेग अडवायला काही नसतं. धातूत भेगेच्या टोकाशी धातू वाकतो, ताणला जातो आणि जोर शोषून घेतो. सिरॅमिकमध्ये ते होत नाही. १९७५ साली ऑस्ट्रेलियात रॉन गार्वी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवलं की झिर्कोनियात वेगळीच युक्ती लपलेली आहे. त्याच्या स्फटिकांची एक रचना भाजण्याच्या तापमानाला स्थिर असते. थंड होताना ती दुसऱ्या रचनेत बदलते आणि बदलताना सुमारे ४ टक्के फुगते. थोडं यिट्रियम ऑक्साइड मिसळलं तर बारीक स्फटिक थंड झाल्यावरही पहिल्याच रचनेत अडकून राहतात. मग कुठे भेग सुरू झाली, की तिच्या टोकावरच्या ताणाने तिथले स्फटिक बदलतात, फुगतात आणि भेगेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. हेच झिर्कोनिया दाताच्या कॅपसाठीही वापरतात आणि त्याने चणे फोडले तरी ते टिकतं ते यामुळे.

तरीही हे रक्षण मर्यादित आहे. भेगेला रोखून धरण्याची झिर्कोनियाची क्षमता साध्या सिरॅमिकपेक्षा कितीतरी जास्त असली, तरी स्टीलच्या तुलनेत ती दहाव्या भागाइतकीही नाही. घड्याळ गादीवर पडलं तर काही होत नाही. कोटा फरशीवर कमरेच्या उंचीवरून कानावर पडलं, तर स्टीलच्या कानाला पोचा येईल, ब्रॉन्झच्या कानाला जरा मोठा येईल, आणि सिरॅमिकचा कान उडू शकतो. पोचा आलेलं घड्याळ चालत राहतं, घालता येतं. कान उडालेल्या केसला डागडुजी नसते. ती पूर्ण बदलावी लागते, आणि मॉडेल जुनं असेल तर मिळतेच असं नाही. सिरॅमिक घेणाऱ्याने नवं घेतानाच विचारावं की केस वेगळी मिळते का आणि किती वर्षं मिळत राहील.

सिरॅमिकवर करडी रेघ दिसली तर लगेच घाबरून जाऊ नये. बहुतेक वेळा तो ओरखडा नसतोच. किल्ली, जिन्याचा कठडा, दाराचं हँडल यांचा मऊ धातू कडक सिरॅमिकवर घासून चिकटलेला असतो. नखाने चाचपा: ओरखड्याला नख अडकतं, चिकटलेल्या धातूला अडकत नाही. शाळेतल्या खोडरबराने किंवा चिमूटभर टूथपेस्टने ती रेघ बहुधा निघून जाते. निघाली नाही आणि नख अडकलं, तर ते घड्याळ कुठल्या तरी हिऱ्याला किंवा सँडपेपरला भेटलेलं आहे.

आता त्वचा. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

हातात घेतल्याबरोबर घड्याळ गार लागतं ते किती, हे पदार्थ उष्णता किती वेगाने ओढतो यावर अवलंबून असतं. ब्रॉन्झ ती झपाट्याने ओढतं, स्टील त्याहून बरंच कमी, पाचव्या श्रेणीचं टायटॅनियम स्टीलच्या निम्म्याहून कमी, आणि झिर्कोनिया सगळ्यांत सावकाश. त्यात भर म्हणजे तेवढ्याच आकाराचं टायटॅनियम एक अंश तापवायला स्टीलच्या साधारण तीन पंचमांश उष्णता पुरते. थंडीच्या सकाळी टायटॅनियमचं घड्याळ हातात घातल्यावर लगेच अंगासारखं होतं ते म्हणून. पुण्यात किंवा मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस हा फरक जाणवणारही नाही. युरोपात किंवा अमेरिकेत हिवाळा काढणाऱ्यांना मात्र चांगला जाणवतो.

ॲलर्जीचा प्रश्न जास्त गंभीर आहे, आणि त्यातला मुख्य आरोपी निकेल. ३१६एल स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं. हे ऐकून पुष्कळ जण स्टीलच घालायचं सोडतात. पण धातूत निकेल किती आहे याला महत्त्व कमी. घामात किती उतरतं याला जास्त. स्टीलमधलं क्रोमियम हवेशी संयोग पावून काही नॅनोमीटर जाडीचा एक पडदा तयार करतं आणि तो निकेलला आत अडवून ठेवतो. युरोपीय संघाने १९९४ साली नियम केला तो याच तत्त्वावर. त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल बाहेर पडता कामा नये. तपासणीत ती वस्तू मीठ, युरिया आणि लॅक्टिक ॲसिड घालून केलेल्या कृत्रिम घामात आठवडाभर बुडवून ठेवतात. चांगलं ३१६एल ही परीक्षा सहज पास होतं. यंत्रावर कापायला सोपं जावं म्हणून गंधक मिसळलेलं स्टील मात्र नापास होऊ शकतं, कारण गंधकाच्या कणांजवळ तो पडदा तुटतो आणि तिथून निकेल झिरपतं. दोन्हींवर ‘स्टेनलेस स्टील’ एवढंच कोरलेलं असतं. म्हणून ३१६एल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच स्टील घ्यावं, असा माझा आग्रह आहे.

सगळ्यात जास्त त्रास देतं ते मुलामा दिलेलं घड्याळ. आत पितळ किंवा जस्ताचा मिश्रधातू, त्यावर निकेलचा थर, सगळ्यात वर चकाकतं क्रोम. कडांवरचं क्रोम झिजलं की घामाला थेट निकेल मिळतं. अशा अनेक घड्याळांच्या मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून लोक सगळं घड्याळच स्टीलचं समजतात. कानांच्या आतल्या बाजूला, पट्ट्याच्या पिनेजवळ पिवळट धातू डोकावत असेल तर केस मुलाम्याची आहे.

पुरळ उठल्यावर ते कशामुळे, हे पुरळाच्या आकारावरून बरंचसं ओळखता येतं. समजा एखाद्या बाईंनी सिरॅमिकचं महागडं घड्याळ घेतलं, कारण सिरॅमिकने ॲलर्जी होत नाही असं त्यांना सांगितलं होतं. महिनाभरात मनगटावर खाज सुटली. घड्याळाच्या खाली झाकणाएवढा गोल लाल डाग असेल तर संशय झाकणावर, कारण सिरॅमिकच्या घड्याळाचंही झाकण अनेकदा स्टीलचं किंवा टायटॅनियमचं असतं. मनगटाच्या आतल्या बाजूला फक्त बकलाखाली डाग असेल तर केस निर्दोष आहे, बकल बदलायचं. पट्ट्याच्या पूर्ण रुंदीला, चहूकडे लाली असेल तर पट्टा पाहायचा. चामडं कमावताना वापरलेल्या क्रोमियमच्या क्षारांनीही ॲलर्जी होते. आणि पट्टा घट्ट, खाली साबण आणि घाम अडकलेला असेल तर ती ॲलर्जीच नसेल, नुसती ओलाव्याने चिडलेली त्वचा असेल. तिला काही दिवस घड्याळ काढून ठेवलं की बरं वाटतं. खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात, दोन दिवसांनी आणि पुन्हा चौथ्या दिवसाच्या सुमाराला पाहतात. संशयित धातूचीही चाचणी होते: डायमिथाइलग्लायॉक्झाइम नावाच्या रसायनात आणि अमोनियात भिजवलेला कापूस धातूवर घासायचा. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतंय.

निकेलची ॲलर्जी पक्की असेल तर टायटॅनियम हा सरळ मार्ग आहे: केस, झाकण आणि बकल, तिन्ही. बकलाचं विसरू नये.

ब्रॉन्झच्या बाबतीत ॲलर्जीपेक्षा डागाचा प्रश्न येतो. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासले की पाय काळे पडतात, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे, आणि अंगातली उष्णता बाहेर आली असं म्हणतात. उष्णता नव्हे, धातूचे बारीक कण निघतात आणि तांबं चरबीतल्या आम्लांशी संयोग पावतं, त्याचा तो रंग. मनगटावर घाम आणि त्वचेचं तेल हेच करतात आणि हिरवट वळ उमटतो. तो धुऊन जातो, अपाय करत नाही, पण पांढऱ्या शर्टाच्या बाहीला लागतो. ब्रॉन्झच्या बहुतेक घड्याळांना मागे स्टीलचं किंवा टायटॅनियमचं झाकण असतं ते यासाठी. कानांच्या आतल्या कडा आणि पट्ट्याची बाजू तरी थोडी टेकतेच.

बाहेरच्या बाजूला हाच संयोग हवासा वाटतो. इटलीत जन्मलेल्या पानेराईने २०११ साली ब्रॉन्झचं घड्याळ काढल्यावर ही आवड पसरली. आधी तपकिरी रंग चढतो, तो तांब्याच्या ऑक्साइडचा. समुद्राच्या खाऱ्या हवेत पुढे हिरवा. कथिलाचं ब्रॉन्झ लवकर आणि गडद होतं; ॲल्युमिनियमचं सावकाश आणि जास्त एकसारखं. रंग आवडला नाही तर चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाने तो काढता येतो, तांब्याची भांडी घासतो तसाच, फक्त घड्याळ पाण्याला पक्कं असेल तर, आणि नंतर आम्ल धुऊन केस पुसून अगदी कोरडी करून. रंग न बदलणारं ‘ब्रॉन्झ’ मिळालं तर ते बहुधा ब्रॉन्झच्या रंगाचा लेप दिलेलं स्टील असतं. एक खूण मात्र जपून पाहावी. घट्ट बसलेला हिरवा थर निरुपद्रवी असतो, पण फिकट हिरवी, भुसभुशीत पूड एकाच जागी पुसूनही पुन्हा येत असेल तर तिथे मिठातलं क्लोराइड धातूच्या आत शिरलंय आणि खड्डा पडत चाललाय.

क्लोराइड स्टीललाही सोडत नाही, हे कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी विसरू नये. उघड्या पृष्ठभागावर क्रोमियमचा पडदा तुटला तरी हवेतल्या ऑक्सिजनने लगेच जुळतो. झाकणाच्या रबरी रिंगेखाली, चेनच्या पिनांभोवती घाम साचतो आणि तिथे ऑक्सिजन पोचत नाही. तुटलेला पडदा तिथे जुळत नाही आणि स्टीलमध्ये टोकदार खड्डे पडत जातात. बाहेरून केस चकचकीत असते. झाकण उघडल्यावर रिंगेच्या बैठकीवर काळपट ठिपके दिसतात, आणि ते वाढले की नवी रिंग घातली तरी पाणी आत जातं. टायटॅनियमला ही बाधा मनगटावर होत नाही. म्हणून रोज समुद्राकाठी घाम गाळणाऱ्याला मी टायटॅनियमच सुचवेन, वजन बाजूला ठेवूनसुद्धा. स्टीलच वापरायचं असेल तर घड्याळ पाण्यासाठी पक्कं असल्याची खात्री करून, चावी घट्ट बसवून, ते आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवावं, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी कारागिराला रिंगेची बैठक दाखवायला सांगावी.